‘कूलंट तपासा’ म्हणजे झाकण उघडा नव्हे

खारघर, नेरूळ किंवा वाशीहून शनिवारी सकाळी लोणावळ्याला निघणाऱ्या गाड्यांत काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांचा नंबर असलेल्या गाड्या हमखास दिसतात. या स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाड्या. आज एका कुटुंबाकडे, परवा दुसऱ्या. प्रत्येक चालक आसन पुढे-मागे करतो, आरसे फिरवतो आणि कधी कधी डॅशबोर्डवरच्या पडद्याची भाषाही बदलून ठेवतो. लहान मुलाने स्टिअरिंगवरची बटणे दाबली तरी तेवढे पुरते. आसनाची जागा पुढच्याला लगेच कळते, पण भाषा बदलल्याचे गाडी काही तक्रार करेपर्यंत अनेकदा लक्षातच येत नाही.

समजा, असेच एक कुटुंब मे महिन्यात निघाले आहे. गाडी युरोपीय घडणीची, पडद्यावरची भाषा जर्मन. घरापासून कळंबोलीपर्यंत कोणाला काही अडत नाही, कारण वेगाचे आकडे सगळ्या भाषांत सारखेच. खालापूरचा टोलनाका मागे पडतो, घाट सुरू होतो. गाडीत पाच माणसे, डिकी सामानाने भरलेली, एसी पूर्ण जोरात आणि पुढे रांगत चढणारे ट्रक. अशा वेळी टण्‌ असा आवाज होतो, पाण्याच्या लाटांत बुडवलेल्या थर्मामीटरसारखे लाल चिन्ह लागते आणि त्याखाली अक्षरे येतात: `STOP! Kühlmittel prüfen!`

इथे बहुतेक माणसे पहिली चूक करतात. ती अक्षरे वाचायला लागतात. अनोळखी शब्द दिसला की मेंदू त्याचा अर्थ लावू पाहतो आणि तोवर नजर रस्त्यावरून हटलेली असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण २२ मीटर पुढे जाते. म्हणजे दोन-तीन सेकंदांच्या वाचनात पन्नास-साठ मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. शेजारी बसलेल्याने मोठ्याने वाचून दाखवले तरी चालकाचे लक्ष विभागले जातेच.

खरे तर ती अक्षरे वाचण्याची त्या क्षणी गरजच नसते. ही चिन्हे मुद्दामच भाषेशिवाय कळावीत अशी ठरवली आहेत. त्यांचे ‘आयएसओ २५७५’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. जपानची, जर्मनीची किंवा आपल्या चाकणची गाडी असो, थर्मामीटर म्हणजे इंजिनाचे तापमान, थेंब गळणारी तेलाची झारी म्हणजे इंजिनातील तेलाचा दाब, कंसांमधल्या वर्तुळातील उद्गारचिन्ह म्हणजे ब्रेक. रंगांचाही अर्थ ठरलेला आहे. लाल म्हणजे धोका आत्ताचा आहे, सुरक्षित जागा दिसताच थांबा. पिवळा म्हणजे काहीतरी बिघडले आहे, जपून चला आणि लवकर दाखवून घ्या. हिरवा आणि निळा बहुधा काय सुरू आहे एवढेच सांगतात. काही गाड्यांत सकाळी निळे थर्मामीटर दिसते, ते इंजिन अजून थंड असल्याचे चिन्ह. आपल्याकडे ज्यांना इंग्रजी नीट वाचता येत नाही असे हजारो चालक वर्षानुवर्षे याच चिन्हांवर गाड्या चालवत आले आहेत.

रंगाची एक मर्यादा मात्र सांगायला हवी. काही पुरुषांना जन्मतःच लाल-हिरव्या छटांमधला फरक नीट कळत नाही, आणि त्यातल्या काहींना लाल दिवा व पिवळा दिवा जवळजवळ सारखेच भासतात. स्त्रियांत हे फार कमी आढळते. अशा माणसाने रंगावर विसंबू नये. त्याने चिन्हाचा आकार पाहावा, सोबत वाजणाऱ्या आवाजाकडे लक्ष द्यावे आणि थर्मामीटर, झारी व ब्रेक ही तीन चिन्हे तरी पाठ करून ठेवावीत.

आता आपल्या घाटातल्या कुटुंबाकडे परत येऊ. चालकाने एसी बंद केला, डावीकडचा दिवा देऊन गाडी हळूहळू कडेला घेतली. सुरक्षित जागा मिळेपर्यंत थोडे अंतर जावे लागणार असेल, तर गाडीतला हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात लावतात. मे महिन्यात हे ऐकूनच घाम फुटेल, पण हीटर इंजिनातलीच उष्णता बाहेर ओढतो आणि दोन मिनिटे निभावून नेतो. मग इंजिन बंद, चारी इंडिकेटर सुरू, मागे लाल त्रिकोण, आणि सगळी माणसे डाव्या दारांनी उतरून कठड्याच्या पलीकडे. एसी बंद असलेल्या गाडीत, उन्हात, आजोबांना किंवा तान्ह्या बाळाला ‘थोडा वेळ’ म्हणून बसवून ठेवू नये. बंद गाडीतले तापमान फार झपाट्याने वाढते.

इथवर सगळे ठीक झाले. खरा धोका पुढे आहे. पडद्याचा फोटो काढून तो म्युनिकमध्ये शिकणाऱ्या भाचीला पाठवला जातो. तिचे उत्तर मिनिटभरात येते: “मामा, थांबा आणि कूलंट तपासा, असं लिहिलंय.” भाषांतर अगदी बरोबर आहे. ते वाचून मामा बॉनेट उघडतात, हाताला रुमाल गुंडाळतात आणि कूलंटच्या टाकीचे झाकण फिरवतात.

कूलंट म्हणजे पाणी आणि बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण. चालत्या गाडीत ते साधारण ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, इंजिन तापले की त्याहून वर जाते. तरीही ते उकळून जात नाही, कारण झाकण घट्ट असते आणि आत दाब असतो. दाबाखाली उकळण्याचा बिंदू वर सरकतो, कुकरमध्ये डाळ लवकर शिजते ती याच कारणाने. दाबामुळे शंभरच्या वर, ११० किंवा १२० अंशांवर असलेला द्रव द्रवच राहतो. झाकण अर्धे वळले की दाब एका क्षणात उतरतो, आणि इतक्या तापलेल्या द्रवातला बराच भाग तत्काळ वाफ होऊन उरलेला द्रव बाहेर फेकतो. शिट्टी न काढता कुकर उघडला तर काय होईल हे घरातल्या कोणालाही ठाऊक असते. गाडीच्या बाबतीत तेच ज्ञान आठवत नाही, कारण पडद्यावर ‘तपासा’ असा हुकूम झळकत असतो.

हा फवारा बहुधा वाकून पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर, मानेवर, छातीवर आणि हातांवर येतो. सुमारे ६० अंशांचे पाणीसुद्धा प्रौढ माणसाच्या त्वचेला पाच-एक सेकंदांत खोलवर भाजू शकते, ७० अंशांना सेकंदभर पुरतो. इथला द्रव त्याच्या कितीतरी पुढे असतो. म्हणून रुमालाचा काही उपयोग नाही. रुमाल भिजतो आणि गरम द्रव हाताला चिकटवून ठेवतो.

‘तपासा’ या शब्दात कधी तपासायचे ते नाही. ते गाडीच्या पुस्तिकेत असते आणि भाड्याच्या गाडीत ती पुस्तिका बरेचदा नसते. म्हणून क्रम माहीत असलेला बरा. बॉनेटच्या फटीतून वाफ येत असेल तर बॉनेट उघडायचेच नाही. वाफ थांबल्यावर उघडले तरी समोरच्या पंख्यापासून लांब राहायचे, कारण इंजिन बंद असतानाही तो आपोआप सुरू होऊ शकतो आणि त्यात बोटे किंवा ओढणी सापडू शकते. कूलंटची टाकी बहुतेक गाड्यांत अर्धपारदर्शक असते. तिच्यावरच्या `MIN` आणि `MAX` या खुणांमध्ये द्रव आहे का, हे झाकण न उघडता बाहेरूनच दिसते. तपासणे म्हणजे पहिल्यांदा एवढेच. झाकणाला हात लावायचा असेल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, आणि त्याला अर्धा-पाऊण तास, कधी अधिकही लागतो. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर धातूला तडा जाऊ शकतो. पातळी खुणेच्या बरीच खाली असेल तर द्रव कुठेतरी गळतो आहे, भर घालून पुढचा घाट चढण्यापेक्षा भाडे कंपनीला फोन करून मदत मागवलेली बरी.

एक फसवी गोष्ट इथे नोंदवून ठेवावी. कधी कधी तापमानाचा काटा लालकडे जाऊन अचानक खाली येतो आणि चालक सुटकेचा श्वास टाकतो. तापमान मोजणारा भाग द्रवात बुडालेला असावा लागतो. द्रव गळून गेला आणि तो नुसत्या हवेत उरला तर त्याचे वाचन भरवशाचे राहत नाही. असा काटा उतरला आणि इंजिनाचा वास किंवा आवाज बदलला असेल तर ते इंजिन थंड झालेले नसून कोरडे पडलेले असू शकते.

भाजलेच तर काय करायचे? भिजलेले कपडे लगेच काढावेत, चिकटले असतील तर ओढू नयेत. अंगठी, बांगडी, घड्याळ सूज येण्याआधी उतरवावे. भाजलेल्या जागेवर साधे, वाहते पाणी सलग वीस मिनिटे सोडावे. गाडीत बाटल्या भरून ठेवण्याचे हे एक चांगले कारण आहे. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई, तूप यांतले काहीही लावू नये. ते लावल्याने जखम किती खोल आहे हे रुग्णालयात समजायला वेळ जातो आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. डोळ्यांत गेले असेल तर पापण्या उघड्या धरून पाण्याने धुणे थांबवू नये आणि थेट रुग्णालय गाठावे. चेहरा, मान किंवा हात भाजले असतील, किंवा आवाज घोगरा झाला असेल, तर फोड लहान दिसले तरी १०८ ला फोन करावा. सांडलेले कूलंट गोडसर असते आणि पोटात गेल्यास मूत्रपिंडांना घातक, म्हणून मुलांना आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना त्यापासून दूर ठेवावे.

हे सगळे टाळण्याचा सोपा वेळ गाडी ताब्यात घेतानाचा असतो. चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, क्षणभर थांबावे. बहुतेक इशारादिवे एकदम लागतात आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतात. जो लागलाच नाही तो दिवा बिघडलेला असू शकतो, आणि जो विझला नाही त्याबद्दल तिथल्या तिथे विचारावे. एअरबॅगचा दिवा पेटलेला राहिला तर गाडी घेऊच नये, कारण धडकेच्या वेळी ती उघडेलच याची खात्री नसते. भाषा परकी दिसली तर ती गाडी देणाऱ्या माणसाकडूनच बदलून घ्यावी. त्याला दोन मिनिटे लागतात, आपल्याला परक्या भाषेतल्या यादीतून ‘भाषा’ हाच शब्द शोधावा लागतो.

आकड्यांचे एकक त्याच वेळी पाहून घ्यावे. `6,5 l/100 km` म्हणजे लिटरला साडेसहा किलोमीटर नव्हे. शंभर किलोमीटरला साडेसहा लिटर, म्हणजे लिटरमागे पंधराच्या थोडे वर. टायरमधील हवा `2.2 bar` दिसली तर घाबरून पंपावर धावू नये, ती आपल्या नेहमीच्या ३२ पीएसआयएवढीच आहे.