अपघात-अहवालावरचे तीन शेरे

समजा, प्रेस शॉपमधल्या सुपरवायझरने असा अहवाल पाठवला आहे : ‘दुसऱ्या पाळीत प्रेस क्रमांक ३ जवळ सांडलेल्या तेलावरून ऑपरेटर घसरून पडला. मनगटाला मार लागला. त्याला लगेच दवाखान्यात नेण्यात आले. कारण : कामगाराचे दुर्लक्ष. उपाय : सर्वांना काळजीपूर्वक काम करण्याच्या सूचना दिल्या आहेत.’

असं काही हाती आलं की मॅनेजरला वाटतं, याला समजावत बसण्यापेक्षा आपणच लिहून टाकू. अर्ध्या तासात नवा, नेटका अहवाल तयार होतो. पण त्या पाळीला मॅनेजर तिथे नव्हता. त्याने भरलेले तपशील अंदाजाने भरलेले असतात. उद्या कारखाना निरीक्षक चौकशीला आले, तर सुपरवायझरला स्वतःच्या सहीवरच्या वाक्यांचीच खात्री देता येत नाही. म्हणून मजकूर त्याचाच राहू द्यावा आणि काय कळत नाही, एवढंच त्याला लिहून कळवावं.

या अहवालात उणिवा पुष्कळ आहेत. सगळ्यांवर लाल शाई फिरवली, तर सुपरवायझर सोप्या दुरुस्त्या करेल, ऱ्हस्व-दीर्घ सुधारेल आणि मुख्य जागा तशीच सोडेल. त्यामुळे आधी हातात पेन न घेता अहवाल एकदा पूर्ण वाचावा आणि बाकीच्या उणिवा कोणत्या एका जागेतून आल्या आहेत ते शोधावं. इथे ती जागा म्हणजे ‘दुर्लक्ष’. दुर्लक्ष हा निष्कर्ष आहे, घडलेली गोष्ट नव्हे. तेल कुठून आलं, किती वेळ पडून होतं, हे अहवालात कुठेच नाही. टोयोटाच्या ताइइची ओनो यांनी बंद पडलेल्या यंत्राचं उदाहरण दिलं आहे. फ्यूज उडाला म्हणून तो बदलला, की काही महिन्यांनी यंत्र पुन्हा बंद. ‘का’ विचारत गेल्यावर वंगणाच्या पंपाला गाळणीच नसल्याचं कळतं. ‘दुर्लक्ष’ लिहिणारा फ्यूजपाशीच थांबलेला असतो.

‘अधिक तपशील द्या’ या शेऱ्याने काही होत नाही. सुपरवायझर दोन परिच्छेद वाढवेल, तेही दवाखान्याच्या धावपळीचे. उपयोगी शेऱ्यात तीन गोष्टी लागतात : जागा, वाचणाऱ्याला न कळलेली बाब आणि ती कुठे सापडेल. ‘कारण’ या ओळीपाशी असं लिहावं : ‘तेल पहिल्यांदा कोणाला आणि किती वाजता दिसलं, ते कळत नाही. ऑपरेटरला आणि मेंटेनन्सच्या फिटरला विचारा, ब्रेकडाउनची नोंदवही पाहा. “दुर्लक्ष” हा शब्द तूर्त बाजूला ठेवा.’ उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं वाटलं, तरी ते शेऱ्यात लिहू नये. लिहिलं की तेच अहवालात उतरतं आणि तपास तिथेच थांबतो.

दुसरा शेरा ‘उपाय’वर : ‘सूचना दिल्यावर तेल गळायचं थांबेल का? काय बदलायचं, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि झालं हे कशावरून तपासायचं, ते लिहा.’

तिसरा शेरा सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा लिहिला जात नाही. पुष्कळदा अहवाल कच्चा असतो तो लिहिता येत नाही म्हणून नव्हे, तर लिहायची भीती असते म्हणून. सिलिंडरच्या सीलची मागणी वरच्या टेबलावर अडकली असेल, तर सुपरवायझर ती कागदावर आणत नाही. कामगारावर ढकलणं सोपं पडतं. तेव्हा स्पष्ट लिहून द्यावं : ‘सामान यायला उशीर झाला असेल तर तारखांसह लिहा. माझ्या सहीसाठी अडलं असेल, तर तेही लिहा.’ आणि जे नीट आहे त्यावरही खूण करावी : ‘यंत्र क्रमांक आणि पाळी बरोबर दिली आहे, ते बदलू नका.’ नाहीतर दुसऱ्या खेपेला चांगलं वाक्यही बदललेलं दिसतं.

आता दुसरा मसुदा असा येऊ शकतो : ‘४.१० ला ऑपरेटरला तेल दिसले. त्याने फिटरला सांगितले. फिटर दुसऱ्या प्रेसवर होता. ४.३० ला तेलावर भुसा टाकला. प्रेस चालूच ठेवली. ५.१५ ला ऑपरेटर घसरला. सीलची मागणी मागच्या महिन्यापासून प्रलंबित.’ भाषा ओबडधोबड आहे, पण ऑपरेटरने तेल पाहून कळवलं होतं, म्हणजे ‘दुर्लक्ष’ टिकत नाही. गळती सुरू असताना प्रेस थांबवायचा अधिकार कोणाला, हा खरा प्रश्न आता समोर आला आहे. हा मसुदा स्वीकारावा. वाक्यं गुळगुळीत करत बसू नये.

दुसऱ्या खेपेलाही वेळांच्या जागी ‘नंतर’, ‘थोड्या वेळाने’ असंच आलं, तर पुन्हा लेखी शेरे देऊ नयेत. सुपरवायझरला घेऊन प्रेसजवळ जावं, त्याने सांगावं आणि तिथेच त्याने लिहावं. मॅनेजरने स्वतः बदलायच्या गोष्टी थोड्याच : चुकलेला यंत्र क्रमांक, चुकीची तारीख, त्याही लेखकाला दाखवून. साक्षीदारांच्या जबाबाला मात्र हात लावायचा नाही. मॅनेजरचं स्वतःचं मत असेल, तर ते अहवालाखाली वेगळ्या रकान्यात, स्वतःच्या नावाने आणि तारखेसह लिहावं.