डोक्यावर पडलेलं पिंप

लिव्हरपूलच्या स्कॉटलंड रोडवरून बर्न नावाचा एक माणूस पायी चालला होता. बोडल या पिठाच्या व्यापाऱ्याच्या दुकानासमोर तो आला आणि वरच्या खिडकीतून पिठानं भरलेलं पिंप त्याच्या अंगावर आदळलं. पुढचं त्याला काहीच आठवेना. ज्यांनी पिंप पडताना पाहिलं, त्यांनाही ते का सुटलं हे सांगता येईना. दोर तुटला, गाठ सुटली की नोकराचा हात निसटला?

कोर्टात नेमकं इथंच घोडं अडलं. निष्काळजीपणा सिद्ध करायचा तो वादीनं, आणि बर्नकडे पुरावा नव्हता. ज्युरीनं नुकसानीचा आकडा 50 पौंड ठरवला, तरी खालच्या न्यायालयानं दावा काढून टाकला.

1863 मध्ये प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं. तिथले मुख्य न्यायमूर्ती पोलक यांचा विचार सरळ होता. कोठारातलं पिंप कुणाची तरी हयगय झाल्याशिवाय रस्त्यावर येत नाही. मग जखमी वाटसरूनं कोठारात शिरून साक्षीदार शोधायचे, ही अपेक्षाच चुकीची. पिंप बोडलच्या ताब्यात होतं, तेव्हा खुलासा त्यानंच करावा. बर्नला 50 पौंड मिळाले. पोलक यांनी वापरलेले ‘रेस इप्सा लोक्विटर’ हे लॅटिन शब्द पुढे कायद्यात रुजले. अर्थ असा, की घटना स्वतःच बोलते.

पण ती दरवेळी बोलत नाही. वस्तू प्रतिवादीच्या ताब्यात हवी आणि नीट काळजी घेतल्यावर सहसा घडणार नाही असा अपघात हवा. एवढं दिसलं की निष्काळजीपणाचं अनुमान काढता येतं. प्रतिवादीला मात्र ते खोडून काढायची संधी राहते.

14 ऑगस्ट 1945 रोजी जपानच्या शरणागतीचा जल्लोष चालू असताना सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंट फ्रान्सिस हॉटेलजवळून जाणाऱ्या एका बाईंवर जड आरामखुर्ची पडली. त्या दावा हरल्या. खुर्ची हॉटेलची असली, तरी खोल्यांतल्या सामानावर पाहुण्यांचाही ताबा असतो, आणि हॉटेलनं पूर्ण काळजी घेऊनही एखादा पाहुणा खुर्ची फेकू शकतो, असं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयानं 1948 मध्ये म्हटलं. त्या बाईंची दुखापत बर्नच्या दुखापतीइतकीच खरी होती; फरक होता तो ताब्याचा.

दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर 1951 मध्ये कोसळून माणसं दगावली, तेव्हा असा प्रश्नच नव्हता. मनोरा पूर्णपणे नगरपालिकेच्या ताब्यात होता. दोष आतला होता, बाहेरून दिसत नव्हता, हा तिचा बचाव सर्वोच्च न्यायालयानं 1966 मध्ये फेटाळला. बांधकाम 80 वर्षांचं होतं आणि वरच्या मजल्याच्या बांधणीचं आयुष्य फार तर 40-45 वर्षांचं, असं तज्ज्ञानं सांगितलं. ढिगाऱ्यातल्या दर्जाची पूड झाली होती. तरीही त्या मनोऱ्याची नियमित तपासणी कुणी केलेली नव्हती.