हमीचा वाटा कोणाच्या खिशातून?

मागच्या भागात नफा-तोटा खाते बंद करून आपण निव्वळ नफ्यापर्यंत आलो. आज तो नफा भागीदारांत वाटायचा आहे. त्यासाठी नफा-तोटा खात्याच्या पुढे आणखी एक खाते मांडतात, नफा-तोटा विनियोजन खाते. भांडणे बहुधा याच खात्यावरून होतात आणि त्यांचे मूळ बेरजेत नसते, भागीदारीपत्रात असते.

कन्हानचे उदाहरण घेऊ. इथे वेकोलिच्या कोळसा खाणी आहेत आणि खाणीच्या आसऱ्याने वाहतुकीचे धंदे चालतात. समजा, दोन भावांची टिप्परची फर्म आहे. थोरल्यांनी १२ लाख रुपये भांडवल घातले आहे. मधल्यांचे ८ लाख आहेत आणि गाड्या, डिझेल, ड्रायव्हर हे सगळे तेच बघतात. हिशेब ठेवणारे दिवाणजी वर्षानुवर्षे पगारावर होते. ते दुसरीकडे जातील म्हणून भावांनी त्यांना २ लाखांच्या भांडवलावर भागीदार करून घेतले. नफ्याचे प्रमाण ३:२:१ ठरले. भांडवलावर १० टक्के व्याज, मधल्यांना महिना १५,००० आणि दिवाणजींना महिना १०,००० वेतन. दिवाणजी पगार सोडून येत असल्याने त्यांच्यासाठी आणखी एक कलम घातले: ‘यांचा नफ्यातील वाटा वर्षाला १,५०,००० रुपयांपेक्षा कमी असणार नाही.’

वर्षअखेर निव्वळ नफा निघाला ११,२०,००० रुपये. तो विनियोजन खात्याच्या जमा बाजूला येतो. नावे बाजूला आधी भांडवलावरील व्याज: १,२०,०००, ८०,००० आणि २०,०००, एकूण २,२०,०००. मग वेतन: १,८०,००० आणि १,२०,०००, एकूण ३,००,०००. उरले बरोबर ६ लाख. ३:२:१ ने थोरल्यांना ३ लाख, मधल्यांना २ लाख, दिवाणजींना १ लाख. दिवाणजींना हमी दीड लाखाची आहे, म्हणजे तूट ५०,०००.

ही तूट फर्म भरत नाही. फर्मकडे वाटायला होते ते ६ लाख वाटून झाले. तूट हमी देणारे भागीदार आपल्या वाट्यातून भरतात. कलमात दुसरे काही म्हटले नसेल तर दोघे भाऊ आपसातल्या ३:२ या प्रमाणात, म्हणजे थोरले ३०,००० आणि मधले २०,०००. शेवटी वाटे होतात २,७०,०००, १,८०,००० आणि १,५०,०००. बेरीज ६ लाखच राहते. ती राहिली नाही तर हमीची रक्कम खर्च म्हणून दोनदा टाकली गेली आहे, असे बेशक समजावे. हमी एकट्या थोरल्यांनी दिली असती, तर सगळे ५०,००० त्यांच्याच वाट्यातून गेले असते आणि मधल्यांचे २ लाख शाबूत राहिले असते.

नेहमी दिसणारी चूक वेगळीच. निव्वळ नफा ११,२०,०००, त्याचा सहावा हिस्सा १,८६,००० च्या वर, मग तूट कुठली, असे म्हणून मोकळे होतात. हमी तपासायची ती व्याज आणि वेतन वजा झाल्यावर उरलेल्या नफ्यावर. हमी ही वाटणीची सर्वांत शेवटची पायरी आहे.

इथे थोरले एक प्रश्न विचारू शकतात आणि तो रास्त आहे. ‘दिवाणजींना व्याजाचे २०,००० मिळाले, वेतनाचे १,२०,००० मिळाले, वर वाट्याचा एक लाख. अडीच लाखांच्या घरात रक्कम गेली, मग तूट कशी?’ उत्तर कलमातल्या शब्दांत आहे. ‘नफ्यातील वाटा’ लिहिले असेल तर व्याज आणि वेतन हमीत धरत नाहीत. ‘व्याज व वेतन धरून एकूण रक्कम’ लिहिले असते, तर २,४०,००० आधीच दीड लाखाच्या वर आहेत आणि भावांना एक पैसाही द्यावा लागला नसता. चार शब्दांचा फरक, किंमत ५०,०००.

आता वेतन खर्चात न टाकता विनियोजन खात्यात का, तेही पाहू. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम १३ नुसार, करार नसेल तर धंद्यात काम करणाऱ्या भागीदाराला मोबदला मागता येत नाही. भांडवलावर व्याज ठरले असेल तर तेही फक्त नफ्यातूनच द्यायचे. भागीदार स्वतःच्याच फर्मचा नोकर होऊ शकत नाही. चिदंबरम पिल्लई यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच धरले: भागीदाराला मिळणारे वेतन हा नफ्यातलाच एक विशेष हिस्सा. उलट, थोरल्यांच्या जागेत गाड्या उभ्या राहत असतील तर त्या जागेचे भाडे, किंवा त्यांनी भांडवलाबाहेर फर्मला दिलेल्या कर्जाचे व्याज, हे नफा-तोटा खात्यातच जाते. नफा असो वा नसो, ते द्यावेच लागते. (आयकराचा हिशेब निराळा. तिथे भांडवलावरील व्याजाची वजावट १२ टक्क्यांपर्यंतच मिळते आणि वेतनालाही मर्यादा आहे. पण त्यामुळे भागीदारांमधली वाटणी बदलत नाही.)

हा भेद चांगल्या वर्षी कोणाला जाणवत नाही. वाईट वर्षाचा हिशेब करून बघा. समजा पावसाळा लांबला, उघड्या खाणीतले काम मंदावले, गाड्या उभ्या राहिल्या आणि नफा निघाला फक्त ३,९०,०००. व्याज आणि वेतन मिळून द्यायचे आहेत ५,२०,०००. नफ्यातूनच द्यायचे असल्याने प्रत्येकाची मागणी सारख्या प्रमाणात कापावी लागते. इथे ३,९०,००० म्हणजे ५,२०,००० चा बरोबर पाऊण हिस्सा. म्हणून व्याज ९०,०००, ६०,००० आणि १५,०००. वेतन मधल्यांना १,३५,०००, दिवाणजींना ९०,०००. उरले शून्य.

उरलेला नफा शून्य असला तरी हमी शून्य होत नाही. दिवाणजींचे दीड लाख आता पूर्णच्या पूर्ण तूट आहे. थोरल्यांच्या चालू खात्यावर ९०,००० नावे, मधल्यांच्या ६०,००० नावे, दिवाणजींच्या खात्यावर १,५०,००० जमा. आता प्रत्येकाच्या हाती काय आले ते मोजू. दिवाणजींना २,५५,०००. मधल्यांना १,३५,०००. आणि १२ लाख गुंतवलेल्या थोरल्यांना व्याजाचे ९०,००० मिळाले ते हमीत गेले. वर्षाची कमाई काहीच नाही. तीन आकड्यांची बेरीज ३,९०,००० येते, हिशेब चोख आहे. धाकट्या भागीदाराला सर्वांत जास्त आणि सर्वांत मोठ्या भांडवलदाराला शून्य, हे बघून घरात आवाज चढला तर नवल नाही, पण खाते लिहिणाऱ्याचा त्यात दोष नाही.

तोटा झाला तर व्याजही नाही आणि वेतनही नाही. पण बिनशर्त लिहिलेली हमी तेव्हाही लागू होते आणि तोट्यासकट तिचा भार भावांवर येतो. म्हणून असे कलम लिहिताना मी तरी चार गोष्टी विचारून घेईन. रक्कम व्याज-वेतन धरून की सोडून? तूट कोण आणि कोणत्या प्रमाणात भरणार? तोट्याच्या वर्षीही हमी चालू राहील का? आणि चांगल्या वर्षी दिवाणजींचा वाटा हमीच्या वर गेला, तर आधी भरलेली तूट भावांना परत मिळेल का? हा शेवटचा प्रश्न डीड लिहिताना सहसा कोणी विचारत नाही. तसे लिहिलेले नसेल तर ती रक्कम परत मागता येत नाही. वाटा हमीच्या वर गेला की तो सगळा दिवाणजींचाच.

उचलीवरील व्याज या भागात मुद्दाम घेतलेले नाही. ते विनियोजन खात्याच्या जमा बाजूला येते, वाटायचा नफा वाढवते आणि त्यामुळे हमीची तूट थोडी कमी करते. थोरल्यांनी वर्षभरात केलेल्या उचलींच्या तारखा घेऊन तो हिशेब पुढच्या आठवड्यात मांडू.