‘आरोही आज येणार नाही’. पण कोणती आरोही?

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झालेली असतात. तिसरी ‘ब’च्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात मेसेज येतो, ‘आरोहीला बरं नाहीये, आज येणार नाही.’ पाठवणाऱ्याचा नंबर बाईंच्या फोनमध्ये साठवलेला नाही, त्यामुळे वर नाव दिसतं ते ‘जय श्रीकृष्ण’. वर्गात आरोही दोन आहेत. पुढच्या पाच मिनिटांत खाली ‘लवकर बरी हो बाळा’ची रांग लागते, हात जोडले जातात, गुच्छ येतात, एक आजोबा आल्या-तुळशीच्या काढ्याची कृती टाकतात. या गर्दीत सव्वासातला कुणा वेदांतच्या बाबांनी टाकलेला ‘आज गैरहजर’ हा मेसेज पार वर सरकून जातो. बाई वर्गात हजेरी घेतात तेव्हा तिन्ही जागा रिकाम्या असतात आणि त्यांना पक्कं काहीच ठाऊक नसतं.

तिसरी जागा कुणाची? दुसऱ्या आरोहीची. तिची व्हॅन उशिरा आली होती, एवढंच. पण त्या दहा मिनिटांत ती घरी आहे की वाटेत, हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. गैरहजेरी कळवण्याचं खरं कारण इथे दिसतं. मूल घरून निघालं नाही आणि निघालं पण पोहोचलं नाही, या दोन गोष्टींमधला फरक बाईंना हजेरीच्या वेळी कळायला हवा.

माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचं कारण आणखी रोकडं आहे. पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी माणशी १०० ग्रॅम धरून शिजतो आणि शिजवणाऱ्या ताईंना आकडा सकाळीच द्यावा लागतो. ती म्हणते, ‘अकरा वाजता कळवलंत तर बरं वाटतं, पण खिचडी चुलीवर गेलेली असते.’

थोडक्यात, गटात चाळीस-पन्नास पालक असले तरी हा मेसेज वाचायचा असतो एकाच माणसाला, तोही वाटेत, घाईत, फोनच्या वरच्या पट्टीत दिसणाऱ्या एक-दोन ओळींवरून. म्हणून नाव आणि तारीख त्या ओळींतच हवी. जुन्या रजेच्या अर्जासारखी ‘सविनय नमस्कार, वि. वि. की’ अशी सुरुवात केली, तर पट्टीत नमस्कार दिसतो आणि मूल आत राहतं. ‘नमस्कार बाई’ एवढं पुरतं. तुमच्या शाळेत मॅडम किंवा टीचर म्हणत असतील तर तसं. मूल घरी येऊन ज्या नावाने त्यांच्याबद्दल बोलतं, तेच वापरावं.

मग मुलाचं नाव आणि हजेरी क्रमांक. पालकांना हा क्रमांक बऱ्याचदा आठवत नाही, पण मुलाला झोपेतून उठवून विचारला तरी तो सांगतो. एकाच नावाची दोन मुलं असली की हा एक आकडा सगळा घोळ मिटवतो आणि कॅटलॉगमध्ये खूण करायलाही बाईंना तोच लागतो.

त्यानंतर वार आणि तारीख. ‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द दिसतात तितके भरवशाचे नाहीत. रात्री पावणेबाराला टाकलेलं ‘उद्या येणार नाही’ बाई सकाळी सहाला वाचतात, तेव्हा तो उद्या नेमका कोणता हे ठरवायला मेसेजची वेळ बघावी लागते. मिश्र भाषेच्या गटात तर आणखी गंमत होते. इंग्रजी अक्षरांत कुणी ‘कल’ लिहिलं की मराठी डोळा त्याला ‘काल’ वाचतो, आणि हिंदीत तर त्याचा अर्थ काल आणि उद्या दोन्ही होतो. आमच्या गटात एकदा ‘कल ॲबसेंट’वर तीन जणांनी तीन अर्थ लावले होते. ‘सोमवार, १९ जानेवारी’ लिहायला चार सेकंद जास्त लागतात.

आता आदराचं. मराठीत आदर विशेषणांपेक्षा क्रियापदात जास्त असतो. ‘येणार नाही’ हा निर्णय झाला, ‘येऊ शकणार नाही’ ही अडचण झाली. एका ‘शकणार’ने सूर बदलतो. उलट ‘कृपया नोंद घ्यावी’ हे शब्द सभ्य दिसले तरी ती सूचनाफलकाची भाषा आहे. शाळा पालकांना ‘नोंद घ्यावी’ म्हणते. पालकाने बाईंना तेच म्हटलं की मुख्याध्यापक बोलल्यासारखं वाटतं. ‘कळवत आहे’ म्हणावं, काम होतं. मूल आजारी असताना ‘रजा मंजूर करावी’ अशी विनवणी करण्याचीही गरज नाही, कारण ताप परवानगी घेऊन येत नाही. मात्र मामाचं लग्न, गावची जत्रा, आधी काढून ठेवलेलं तिकीट अशी ठरवून घेतलेली सुट्टी असेल तर ती विचारायची गोष्ट आहे. तिचा अर्ज डायरीतून किंवा थेट वर्गशिक्षिकेकडे जावा. गटात ती जाहीर केली की बाईंना चारचौघांत ‘नाही’ म्हणणं अवघड होतं, आणि पुढच्या आठवड्यात आणखी चार लग्नं निघतात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या कारणात. एका टोकाला नुसतं ‘काही कारणास्तव’ असतं, दुसऱ्या टोकाला रात्री किती उलट्या झाल्या आणि त्यांचा रंग काय, इथपर्यंत तपशील असतो. गटातला मजकूर कुणीही पुढे पाठवू शकतं. त्यातून तो वाचणाऱ्यांची मुलं तुमच्या मुलाशेजारीच बसतात. तिसरीतल्या मुलाला ‘तुला जुलाब झाले होते ना?’ हे वर्ष संपेपर्यंत ऐकावं लागू शकतं. गटासाठी ‘ताप आहे’ किंवा ‘बरं नाही’ पुरेसं आहे. घरात कुणी गेलं असेल तर ‘सुतक आहे’ म्हटलं की मराठी माणूस पुढे विचारत नाही. मोठ्या मुलींच्या बाबतीत तर ‘बरं नाही’च्या पुढे एक अक्षर नको.

पण संसर्गजन्य आजार असेल तर हा नियम थोडा बदलतो. २०२३च्या पावसाळ्यात आळंदीसह पुणे जिल्ह्यात डोळ्यांची साथ आली, तेव्हा गटांत कुणाचे डोळे आले हे लपून राहत नव्हतं. कांजिण्या, गोवर, गालगुंड यांचं तसं नाही. त्यांचं नाव नीट सांगावंच लागतं, प्रश्न फक्त कुणाला सांगायचं याचा असतो.

समजा, आरोहीच्या अंगावर रविवारी, १८ जानेवारीला संध्याकाळी पुरळ दिसलं. पोटावर, पाठीवर पाण्याचे बारीक फोड आणि अंगात ताप. डॉक्टर म्हणाले, कांजिण्या. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून होऊ शकतो. शनिवारी अर्धी शाळा होती आणि आरोही गेली होती. म्हणजे तिच्या बाकावरची मुलं आधीच संपर्कात आली आहेत. त्यांना लागण झाली असेल तर ती साधारण दहा ते एकवीस दिवसांनी दिसेल, म्हणजे २७ जानेवारी ते ७ फेब्रुवारीच्या दरम्यान. हे कळलं तर लस न घेतलेल्या मुलांचे पालक वेळेत डॉक्टरांशी बोलू शकतात. ज्या आईला दिवस गेले आहेत, किंवा ज्या घरात कर्करोगाचे उपचार चालू आहेत, त्यांना तर हे कळणं फार गरजेचं आहे.

तरीही आरोहीच्या आईने गटात ‘कांजिण्या’ लिहू नये असं मला वाटतं. माहिती वर्गाला हवी आहे, नाव नको. बाईंना वेगळा मेसेज करावा, आणि ‘वर्गात कांजिण्यांचा एक रुग्ण आहे, मुलांवर लक्ष ठेवा’ हे शाळेने नाव न घेता कळवावं. यावर माझं एका मैत्रिणीशी भांडण झालंय. तिचं म्हणणं असं की वर्गात एकच बाक रिकामा असेल तर नाव लपतच नाही, मग हे नाटक कशाला? मुद्दा खरा आहे. पण शाळेकडून आलेल्या सूचनेत ‘लक्ष ठेवा’ असतं. आईकडून आलेल्या मेसेजखाली मात्र ‘मग शनिवारी पाठवलीच का?’ असा प्रश्न येतो. शनिवारी तिला तरी कुठे माहीत होतं?

तर गटातला मेसेज असा होईल :

‘नमस्कार बाई. आरोही (हजेरी क्र. ७) सोमवार, १९ जानेवारीपासून शाळेत येऊ शकणार नाही. तिला ताप आहे. पुढचं शुक्रवारी कळवते. – आरोहीची आई’

आणि बाईंना वेगळा :

‘बाई, आरोहीला कांजिण्या झाल्याचं डॉक्टरांनी काल रात्री सांगितलं. शनिवारी ती वर्गात होती. इतर पालकांना नाव न घेता कळवलंत तर बरं होईल. अभ्यासाची घाई नाही.’

पहिल्या मेसेजात ‘पासून’ आहे, ‘पर्यंत’ नाही. परतीची तारीख माहीत नसताना अंदाजाने टाकली की ती पुन्हा बदलावी लागते, म्हणून पुढे कधी कळवणार तेवढाच दिवस द्यावा. ‘आज काय शिकवलं ते कुणी पाठवा’ हेही त्यात नाही. ती विनंती जोडली की गणिताच्या वहीचे सोळा फोटो येतात, त्यातले चार कालचे असतात. संध्याकाळी एकाच ओळखीच्या पालकाकडे मागावं. आणि व्हॅनवाल्या काकांना फोन वेगळा करायचा, कारण ते गटात नसतात आणि खाली उभे राहून हॉर्न वाजवत बसतात.

मेसेजात चूक झालीच तर पंधरा मिनिटांच्या आत तोच दुरुस्त करता येतो. ‘वरचा मेसेज चुकला, १९ वाचावे’ अशी शेपटी जोडण्यापेक्षा ते बरं. बाकीच्या पालकांसाठी मात्र काम अगदी छोटं आहे. मेसेजवर बोट दाबून धरलं की हृदय उमटवता येतं. त्याने गट सरकत नाही, आणि वेदांतच्या बाबांचा मेसेज जागच्या जागी दिसत राहतो. काही शाळा गटात फक्त ॲडमिनलाच लिहू देतात. तिथे हा सगळा मजकूर थेट बाईंच्या नंबरवर जातो, बाकी काही बदलत नाही.

शुक्रवारी, २३ तारखेला आरोहीच्या आईने कबूल केल्याप्रमाणे बाईंना कळवलं : ‘नवे फोड नाहीत, जुन्यांवर खपल्या धरू लागल्यात. रविवारी डॉक्टरांना दाखवते. सगळ्यांवर खपली धरली असेल तर २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला पाठवू का? ती समूहगीतात आहे.’

बाईंचं उत्तर आलं, ‘डॉक्टर हो म्हणाले तर पाठवा. जागा दुसऱ्या रांगेत ठेवलीय.’