पाचवा स्पिंडल कशासाठी?

सीएनसी मशीनचा स्पिंडल रोज बिघडत नाही. पण बिघडला की मशीन ठप्प होते आणि कारखानदार सर्व्हिस सेंटरला फोन करून एकच विचारतो, ‘स्पिंडल आहे का?’ ‘आहे’ म्हणायचं तर माल आधीच आणून ठेवावा लागतो, आणि स्पिंडल काही शंभर-दोनशे रुपयांचा नट-बोल्ट नव्हे. मग किती ठेवायचे?

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या एका सर्व्हिस सेंटरकडे परिसरातल्या शेकडो मशीनची जबाबदारी आहे. एका जातीच्या स्पिंडलला वर्षाला सरासरी 8 मागण्या येतात. एक नग 3 लाखांचा, आणि परदेशातून यायला 3 महिने लागतात. इतक्या महाग मालाची एकदम मोठी ऑर्डर कोणी देत नाही. त्यामुळे इथला नियम साधा असतो: एक गेला की त्याच दिवशी एक मागवायचा. यालाच आधारसाठ्याचं धोरण म्हणतात. आधारसाठा 5 ठरला, तर फळीवरचे आणि वाटेवरचे नग मिळून, ग्राहकांचे देणे वजा जाता, आकडा कायम 5 राहतो. म्हणून फळीवर दोनच दिसले, तरी ते तीन वाटेवर असताना घाबरून जादा ऑर्डर द्यायची नसते. तसंच ‘दोन-तीन जमले की एकदम मागवू’ म्हणून ऑर्डर रोखायचीही नसते.

आता पाच हाच आकडा कुठून आला ते पाहू. मशीन शेकडो, प्रत्येक क्वचितच बिघडणारं आणि एकाचा बिघाड दुसऱ्याशी संबंध नसलेला. अशा ठिकाणी मागणी पॉयसन वितरणाने चालते. वर्षाला 8, म्हणजे 3 महिन्यांत सरासरी 2. या काळात एकही मागणी न येण्याची शक्यता e⁻², म्हणजे सुमारे 13.5 टक्के. पुढची प्रत्येक शक्यता आधीच्या आकड्यावरून काढता येते: 2 ने गुणायचं आणि मागणीच्या क्रमांकाने भागायचं. तसं केलं की 1 मागणीची शक्यता 27.1 टक्के, 2 मागण्यांची 27.1, 3 मागण्यांची 18.0 आणि 4 मागण्यांची 9.0 निघते.

सेंटरने ठरवलंय की 100 पैकी किमान 90 मागण्या तिथल्या तिथे, फळीवरूनच भागायला हव्यात. या प्रमाणाला पूर्ती दर म्हणतात. अनेकांचं इथेच चुकतं. वरचे आकडे 4 पर्यंत बेरजेत धरले की 94.7 टक्के होतात. मग ‘चार नग पुरे’ असं वाटतं. पण ही बेरीज सांगते, की 3 महिन्यांत 4 पेक्षा जास्त मागण्या येणार नाहीत. दारात आलेल्या ग्राहकाचा हिशेब वेगळा आहे. त्याला नग मिळायला मागच्या 3 महिन्यांत, त्याच्याआधी, जास्तीत जास्त 3 मागण्याच आलेल्या असाव्या लागतात. चौथी आधीच येऊन गेली असेल, तर चारही नग वाटेवर असतात आणि फळी रिकामी. म्हणून बेरीज आधारसाठ्यापेक्षा एक कमी आकड्यापर्यंतच करायची.

असं पाहिलं की 3 नगांना पूर्ती दर 67.7 टक्के, 4 नगांना 85.7, 5 नगांना 94.7 आणि 6 नगांना 98.3 येतो. नव्वदीचं लक्ष्य पाचव्या नगाला गाठलं जातं. स्प्रेडशीटवर हा आकडा `=POISSON.DIST(4,2,TRUE)` ने मिळतो. पहिल्या जागी 5 नव्हे, 4. पाचव्या नगासाठी गुंतलेले 3 लाख पूर्ती दर 9 टक्क्यांनी वाढवतात, सहाव्यासाठीचे तेवढेच 3 लाख जेमतेम साडेतीन टक्क्यांनी.

पुरवठ्याचा काळ 3 महिन्यांचा 6 झाला, तर मात्र सरासरी 4 होते आणि तेच 5 नग फक्त 63 टक्के मागण्या भागवतात. नव्वदी गाठायला 8 लागतात. म्हणजे पुरवठादाराची मुदत निम्मी करून घेतली, तर 9 लाखांची गुंतवणूक वाचते.

हा हिशेब फसतो तो मागण्या झुंडीने आल्या की. विजेच्या एका झटक्यात चार मशीन एकदम बंद पडतात, किंवा एकच कारखाना जपून ठेवायला तीन नग उचलतो. ते ओळखायला गेल्या काही वर्षांच्या तिमाही मागण्या मांडून त्यांची सरासरी आणि वर्गविचलन, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, काढावा. पॉयसनमध्ये हे दोन्ही जवळपास सारखे येतात. वर्गविचलन सरासरीच्या दुप्पट-तिप्पट निघालं, तर पाच नग पुरणार नाहीत, हे समजून घ्यावं.

आणि ही मोजणी स्टोअरच्या वहीतून करताना जपावं. वहीत दिलेला माल असतो. फळी रिकामी पाहून दुसरीकडे गेलेला ग्राहक तिच्यात नसतो. त्याची मागणी, तारखेसह, वेगळी लिहिली नाही, तर सरासरी खोटी कमी दिसते, आधारसाठा कमी ठरतो आणि रिकाम्या हाताने परतणारे आणखी वाढतात.