लाईट जाते तेव्हा पाइपात काय होतं

नदीकाठच्या पंपहाउसमध्ये मोटर चालू असताना गेजचा काटा साडेसहा किलोवर स्थिर असतो. लाईट जाते. मोटरचा आवाज उतरतो आणि काटा खाली कोसळतो. काही सेकंदांनी एनआरव्ही धाडकन आपटतो, पाठोपाठ पाइपात घणाचा ठोका बसावा तसा आवाज येतो आणि जमीन थरथरते. ऑपरेटरला याची सवय झालेली असते. दुसऱ्या दिवशी दीड किलोमीटरवर कुणाच्या तरी शेतात पाण्याचं कारंजं उडतं, तेव्हा त्याचा या ठोक्याशी असलेला संबंध कुणी लावत नाही. पाइप निकृष्ट होता, असं ठरवून लोक मोकळे होतात.

या ठोक्याला अभियंते जलाघात म्हणतात. निकोलाय झुकोव्हस्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर १८९७-९८ मध्ये प्रयोग करून त्याचा हिशेब मांडला. हिशेब सोपा आहे. पाण्याचा वेग अचानक जितका बदलतो, त्याला पाइपातल्या दाबलहरीच्या वेगाने गुणायचं आणि ९.८१ ने भागायचं, की दाबातला बदल मीटरमध्ये मिळतो. लोखंडी पाइपात ही लहर सेकंदाला हजार-अकराशे मीटर धावते. पीव्हीसीत ती बरीच मंद असते.

कृष्णाकाठी किंवा कुठल्याही नदीकाठी शोभेल अशी एक कल्पित योजना घेऊ. डक्टाइल लोखंडी पाइप, व्यास ४०० मिलिमीटर, लांबी १८०० मीटर. नदीपासून वरची टाकी ६० मीटर उंच. पाणी सेकंदाला १.२ मीटर वेगाने चालतं, म्हणजे माणसाच्या चालीनं. पण पाइपातलं हे सगळं पाणी मिळून २२६ टन भरतं. खच्चून भरलेले दहा ट्रक एकमेकांना जोडून चढावर चालले आहेत, असं समजा. लहर सेकंदाला ११०० मीटर धरली, तर पाण्याचा हा वेग एकदम शून्य झाल्यास दाब १३५ मीटरने बदलतो. दहा मीटर म्हणजे साधारण एक किलो, त्यामुळे हा बदल साडेतेरा किलोचा झाला.

पुष्कळांची गफलत होते ती इथेच. जलाघात म्हटला की दाब वाढणार, असं गृहीत धरलं जातं आणि पंपापाशी एक रिलीफ व्हॉल्व्ह बसवून काम संपलं असं मानलं जातं. पण चढत्या पाइपलाइनीत लाईट गेल्यावर आधी दाब वाढत नाही, तो पडतो. मागून ढकलणारा पंप थांबलेला असतो आणि पुढचं पाणी मात्र आपल्या जोरावर चाललेलं असतं. ते मागे ओढ निर्माण करतं. रिलीफ व्हॉल्व्ह दाब वाढल्यावरच उघडतो. या पहिल्या अंकात त्याला काहीच काम नसतं.

आपल्या योजनेत पहिले हजार मीटर पाइप उसाच्या सपाट रानातून जातो. मग दोनशे मीटरांत खडी चढण येते आणि १२०० मीटरवर नदीपासून ५० मीटर उंचीचं टेकाड लागतं. तिथून टाकीपर्यंतची चढण बेताची आहे. पंप चालू असतानाही टेकाडावर दाब जेमतेम १२ मीटर असतो. दाब कमी करणारी लहर सव्वा सेकंदाच्या आत तिथे पोहोचते. वातावरणाच्या दाबाचे दहा मीटर आणि हे १२ मिळून २२ मीटर उतार सोसण्याइतकीच तिथे ऐपत आहे. येणारी लहर मात्र साठ-पासष्ट मीटरची असते. पाण्याचा दाब निर्वातापर्यंत उतरतो, ते थंड असतानाच उकळतं आणि पाण्याचा खांब टेकाडावर तुटतो.

ढोबळ हिशेबाने टेकाडापुढचं ६०० मीटर पाणी आणखी तीन-चार सेकंद टाकीकडे सरकत राहतं, मग थांबतं आणि तेवढ्याच वेळात मागे येतं. मधली पोकळी दोन मीटरच्या आसपास लांब होते. तिच्यात वाफेखेरीज काही नसल्यामुळे परतणाऱ्या पाण्याला कसलीही उशी मिळत नाही. सेकंदाला जवळपास एक मीटर वेगाने दोन खांब एकमेकांवर आदळतात. तिथून निघालेली लहर खाली येऊन बंद एनआरव्हीवर आपटते, दुप्पट होते आणि पंपापाशी दाब दीडशे मीटरच्या घरात जातो. दहा किलोला बनवलेला व्हॉल्व्ह तिथे असेल तर त्याच्या फ्लँजमधून पाणी का फुटतं, हे वेगळं सांगायला नको. टेकाडाजवळच्या जोडांचे रबरी रिंग तर त्याआधीच आत ओढले गेलेले असतात.

गेजला यातलं काहीच नीट दिसत नाही. दाबाचं टोक क्षणार्धात येऊन जातं आणि काटा त्या वेगाने फिरत नाही. सेकंदाला शंभरएक नोंदी घेणारा दाबमापक लावला, तरच ते पकडता येतं.

कागदावरचं विश्लेषण करताना पाइपाचे लहान तुकडे पाडतात आणि सेकंदाच्या छोट्याशा अंशाने पुढे जात संगणकावर प्रत्येक तुकड्याचा दाब काढतात. मग त्यातला सर्वांत कमी दाब लाइनीच्या उभ्या छेदावर एका रेषेने दाखवतात. ही रेषा पाइपाच्या दहा मीटर खाली जिथे उतरते, तिथे पाणी तुटतं. संरक्षण कुठे लावायचं हे तीच सांगते. त्यामुळे छेदाची मोजणी खरी असावी लागते. एखादं टेकाड नकाशातून निसटलं, तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

आपल्या योजनेत पोकळी टेकाडावर होते, तेव्हा पाणीही तिथेच द्यावं लागेल. टेकाडावर दोन-तीन घनमीटरची एक टाकी उभी करून ती एनआरव्हीमार्गे पाइपाला जोडली, की दाब पडताच टाकीतलं पाणी आत शिरतं आणि खांब तुटत नाही. पाइपातला दाब पुरेसा असेल तेव्हा पाणी टाकीत परत येत नाही. टाकी भरलेली राहण्यासाठी एक लहान बायपास आणि फ्लोट पुरतो. वीज लागत नाही, कॉम्प्रेसरही नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पंपापाशी एअर व्हेसल. हिच्या निम्म्या भागात दाबलेली हवा असते. लाईट गेली की ती पाण्याला पुढे ढकलत राहते. आपल्या लाइनीसाठी पाच-सहा घनमीटरची टाकी पुरेल. लाइन सुरुवातीपासून एकसारखी चढत असेल, तर हाच उपाय घ्यावा लागतो, कारण मग पोकळी एका जागी होत नाही आणि टेकाडावरची टाकी खालच्या चढणीला वाचवू शकत नाही. पण हवा हळूहळू पाण्यात विरघळते. कॉम्प्रेसर बंद पडलेला असेल आणि पातळी दाखवणारी काच कुणी पाहत नसेल, तर ती व्हेसल म्हणजे पाण्याने भरलेला एक निरुपयोगी डबा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

भारतात आणखी एक साधन वापरतात, शून्यवेग व्हॉल्व्ह. पाइपात मध्ये बसवलेला हा झडपवजा व्हॉल्व्ह पाण्याचा वेग शून्यावर येतो तेव्हाच मिटतो. मागे वाहायला पाण्याला जागाच राहत नाही आणि परतणारा लांब खांब तुकड्यांत अडतो. एअर व्हॉल्व्हही उपयोगी आहे. तो पोकळीत हवा घेतो. मात्र ती हवा भसकन बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह शेवटच्या क्षणी स्वतःच ठोका देतो. पहिल्यांदा मोठ्या, मग बारीक तोंडातून हवा सोडणारा प्रकार घ्यावा लागतो. शिवाय टेकाडावरचा एअर व्हॉल्व्ह गळतो म्हणून कुणी पाचर मारून ठेवतो, कुणी त्यातून पाणी काढतो.

कल्पित योजनेला टेकाडावरची टाकी आणि पंपापाशी पाणी उलट फिरायच्या आत मिटणारा स्प्रिंगचा एनआरव्ही हेच योग्य. मात्र टाकी गृहीत धरून हिशेब पुन्हा करायला हवा, कारण टेकाडाखालच्या दोनशे मीटर चढणीवर क्षणभर दाब पडतोच.

लाईट परत आली तरी पाइप लगेच पूर्ववत होत नाही. आत लहरी आणि एअर व्हॉल्व्हने घेतलेली हवा असते. या लाइनीत लहरीला वर जाऊन परत यायला सव्वातीन सेकंद लागतात आणि ती अनेकदा ये-जा करते. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून, काही मिनिटं थांबून, मग पंप चालू करायचा आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, एवढं पंपहाउसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.