मनूच्या वर्गशिक्षिकांना पत्र

बाईंना,


येत्या सोमवारपासून मनू पुन्हा चौथीच्या वर्गात बसेल. ती रोज येईल असं मात्र नाही. कधी आठवडाभर नियमित येईल, मग अचानक दोन आठवडे दिसणार नाही. हजेरीपुस्तकात हे विचित्र वाटेल, म्हणून तिचं येणं-न येणं कशावर ठरतं ते सविस्तर लिहिते. यातल्या दोन गोष्टींत मला तुमची मदत लागणार आहे, आणि ती त्याच दिवशी लागणार आहे.

मनूला रक्ताचा कर्करोग आहे, त्यातला लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. सुरुवातीच्या महिन्यांतली जोरकस केमो परळच्या टाटा रुग्णालयात झाली. आता ‘मेंटेनन्स’ नावाचा टप्पा सुरू आहे आणि तो साधारण दोन वर्षं चालतो. केस परत आलेत, गाल भरलेत, त्यामुळे बघणाऱ्याला ती बरी झाली असंच वाटतं. पण औषधं थांबलेली नाहीत. रोज रात्री एक गोळी, आठवड्यातून एकदा दुसऱ्या गोळ्या, महिन्यातून पाच दिवस स्टिरॉइड आणि तीन महिन्यांनी पाठीच्या कण्यातून औषध, असा क्रम आहे.

रक्तात पांढऱ्या पेशी असतात आणि त्यांत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी असतात. जंतू शिरला की आधी त्याच धावतात. रिपोर्टमध्ये एकूण पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या न्यूट्रोफिलची टक्केवारी दिलेली असते. दोन्हींचा गुणाकार केला की आम्हाला हवा तो आकडा मिळतो. समजा एकूण पेशी 2,600 आणि न्यूट्रोफिल 40 टक्के, तर आकडा 1,040. पुढच्या खेपेला एकूण 1,500 आणि 24 टक्के आले, तर आकडा 360. निरोगी मुलात तो बहुधा 1,500 च्या वर असतो. मनूचा मात्र मुद्दाम 500 ते 1,500 च्या मध्ये ठेवतात. तो फार वर गेला तर गोळ्यांचा डोस कमी पडतोय असं डॉक्टर धरतात आणि वाढवतात. 500 च्या खाली घसरला तर गोळ्या थांबवतात. म्हणजे तिची प्रतिकारशक्ती कमी असणं ही चूक नाही, उपचारच तसा आहे.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय की आकडा 500 च्या वर असेल तर शाळा, खाली असेल तर घर. इथे कराडला रक्त तपासतो, संध्याकाळी रिपोर्ट येतो आणि दुसऱ्या दिवशी मनू येणार की नाही ते तेव्हाच ठरतं. त्यामुळे मी तुम्हाला आदल्या रात्रीच कळवू शकेन, त्याआधी नाही. गोळ्या थांबवल्यावर पेशी परत वर यायला एक-दोन आठवडे लागतात. त्या काळात ती घरात खेळत असेल, ओट्यावर दिसेलही. कुणी म्हणालं, “पोरगी तर ठणठणीत आहे, शाळा बुडवते,” तर त्यामागचं कारण हे आहे.

दुसरी गैरहजेरी ठरलेली असते, ती परळच्या खेपेची. पाठीतलं इंजेक्शन दिल्यावर काही वेळ आडवं पडून राहावं लागतं, कधी पुढचे दोन-तीन दिवस डोकं दुखतं. त्या तारखा मी आधी लिहून देईन.

तिसरी तापाची. हा मुद्दा जरा सावकाश वाचा.

जखमेत पू होतो तो बराचसा मेलेल्या न्यूट्रोफिलचाच असतो. घसा लाल होणं, गळू सुजणं ही लढाईची चिन्हंसुद्धा या पेशींमुळेच दिसतात. पेशीच नसल्या तर जंतू रक्तात पोचला तरी बाहेर काही दिसत नाही. ताप हे एकच चिन्ह उरतं, आणि तिथून काही तासांत रक्तदाब खाली येऊ शकतो. म्हणून तिचा ताप आमच्यासाठी सर्दीतापासारखा नाही. तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात डिजिटल थर्मामीटर आहे. ती मलूल वाटली, थंडी वाजते म्हणाली, बाकावर डोकं टेकून बसली, तर हात लावून अंदाज करू नका, मोजा. 100.4 किंवा त्याहून जास्त आलं तर लगेच मला फोन करा. मी उचलला नाही तर तिच्या बाबांना. अंगात हुडहुडी भरली असेल तर आकडा कमी आला तरी फोन करा. आणि कृपा करून क्रोसिन देऊ नका. कार्यालयातल्या प्रथमोपचार पेटीतली गोळी मायेनेच दिली जाते हे मला माहीत आहे. पण तिने ताप उतरतो, जंतू तसाच राहतो आणि आमच्या हातातलं एकमेव चिन्ह निघून जातं. रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. मग रक्ताचा कल्चर रिपोर्ट येऊन ताप थांबेपर्यंत काही दिवस तिथेच.

असा ताप आला तर तो शाळेतून लागला असं मनात आणू नका. पेशी कमी असताना होणारे पुष्कळसे जंतुसंसर्ग मुलाच्या स्वतःच्या तोंडातल्या आणि आतड्यातल्या जंतूंमुळे होतात. वर्गात कुणाला साधी सर्दी असेल तर मनूला दोन बाकं लांब, खिडकीशी बसवा, एवढं पुरे. ती मास्क लावेल आणि डब्याआधी साबणाने हात धुईल.

शाळेतूनच येऊ शकतात आणि मला खरी धास्ती वाटते अशा दोन गोष्टी आहेत, कांजिण्या आणि गोवर. दोन्हीमध्ये मूल पुरळ उठण्याच्या आधीपासून रोग पसरवत असतं आणि आमच्याकडचा वेळ संपर्क झाल्याच्या क्षणापासून मोजला जातो, कळल्याच्या क्षणापासून नाही.

उदाहरण घेते. समजा मनूच्या शेजारी बसणाऱ्या मुलाच्या अंगावर बुधवारी संध्याकाळी कांजिण्यांचे फोड दिसले. तो सोमवारी आणि मंगळवारी शाळेत होता. पुरळ उठण्याआधीचे एक-दोन दिवस तो रोग पसरवत असतो, म्हणजे सोमवारपासूनच मोजायचं. एका वर्गात पंधरा मिनिटं एकत्र बसणं संपर्क म्हणायला पुरतं. संपर्कानंतर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन 96 तासांच्या आत दिलं तर उत्तम. ते तास शुक्रवारी दुपारी भरतात. मला बुधवारी रात्री कळलं तर गुरुवारी डॉक्टरांशी बोलून इंजेक्शन मिळतं का ते शोधायला जेमतेम दीड दिवस हातात राहतो. पुढच्या सोमवारी कळलं तर ती चांगली वेळ गेलेली असते. इंजेक्शन नाहीच मिळालं तर डॉक्टर सातव्या दिवसाच्या सुमारास विषाणूवरच्या गोळ्या सुरू करतात. त्यासाठीही तारीख माहीत असावी लागते. शिवाय आठव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत, इंजेक्शन दिलं असेल तर अठ्ठाविसाव्यापर्यंत, मनूलाच कांजिण्या निघू शकतात. त्या दिवसांत केमोच्या वॉर्डात तिला इतर मुलांपासून वेगळं ठेवावं लागतं, म्हणून रुग्णालयाला आधी सांगावं लागतं. महिनाभराची गैरहजेरी झाली तर तिचं कारण बहुधा हे असेल. साध्या मुलाला दहा दिवस खाजवून संपणारा हा आजार हिच्या फुप्फुसात आणि यकृतात उतरू शकतो.

अडचण अशी की आपल्याकडे कांजिण्या निघाल्या की घरात कडुलिंबाचा पाला येतो आणि शाळेत चिठ्ठी येते “ताप आला आहे” एवढीच. लपवायचा हेतू नसतो, सांगण्याजोगं काही वाटत नाही इतकंच. म्हणून विनंती: कुणाच्या तापाची चिठ्ठी आली तर अंगावर काही उठलंय का, एवढं विचाराल का? आणि फोड म्हटलं की नाव न सांगता फक्त “वर्गात कांजिण्या” असा निरोप मला त्याच दिवशी द्या, रात्री उशीर झाला तरी चालेल. कुणा मोठ्या माणसाला नागीण झाली असेल तरी सांगा. विषाणू तोच असतो. कांजिण्यांची लस सरकारी मोफत लसीकरणात नाही, त्यामुळे वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ती घेतलेली नसणार.

गोवराचंही तसंच, फक्त तो जास्त चिवट. गोवर झालेलं मूल वर्गातून गेल्यावरही विषाणू हवेत दोन तासांपर्यंत राहू शकतो. तिथे प्रतिपिंडांचं इंजेक्शन सहा दिवसांच्या आत द्यायचं असतं. मनूला लहानपणी गोवराची लस दिली होती, पण केमोमुळे तो जुना बचाव पुसला गेलेला असू शकतो. लस पुन्हा आत्ता देता येत नाही, कारण ती जिवंत विषाणूची असते. त्यामुळे शाळेत गोवर-रुबेलाची फेरी आली तर मनूला वगळा. इतर मुलांना मात्र जरूर द्या. त्यांना लस देणं हाच तिच्याभोवतीचा सर्वांत चांगला बंदोबस्त आहे.

शाळेत वाटल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दलही सांगायचं राहू नये. लोहाच्या गुलाबी गोळीत फॉलिक ॲसिड असतं. मनूचं आठवड्याचं औषध नेमकं फॉलिक ॲसिडचं काम अडवूनच गुण देतं, तेव्हा ही गोळी तिला नको. जंताची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

खिचडी गरम, ताजी असेल तर ती पंगतीत जेवेल. पाणी घरचंच पिईल. फाटकाबाहेरची कापलेली काकडी, बोरं, चिंचा आणि कच्ची मोड आलेली मटकी तिला बंद आहे. तिने मागितलं तरी बंद. वर्गाची भिंत खरवडून रंगवायची असेल तर आधी कळवा. जुन्या ओल्या प्लास्टरच्या धुळीत बुरशीचे बीजाणू असतात आणि तो संसर्ग जंतूंपेक्षाही अवघड जातो. तेवढे दिवस मी तिला घरी ठेवीन.

अभ्यासाचं थोडक्यात. एका औषधाने तिच्या हाताची पकड आणि पावलं कमजोर झाली आहेत, म्हणून ती हळू लिहिते आणि जिन्यावर ठेचकाळते. दहा गणितांऐवजी चार द्या, पण स्वतः करू द्या. गैरहजेरीत फळ्यावरच्या अभ्यासाचा फोटो पाठवलात तर मी घरी घेईन. रुग्णालयाचं प्रमाणपत्र मुख्याध्यापकांकडे दिलंय. पटावरून नाव कमी होऊ नये एवढं तुम्ही बघा.

मुलं विचारतील, हा रोग आपल्याला होतो का. नाही होत. तिच्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यायलं तरी होत नाही. तिच्या बाटलीला तोंड लावू नका म्हणते आहे ते तिच्या काळजीपोटी.

आपली,
मनूची आई

ता. क. स्टिरॉइडच्या पाच दिवसांत तिला भयंकर भूक लागते आणि ती उगाच रडते, चिडते. त्या दिवसांत दप्तरात दुसरा डबा असेल. तासाला खाल्लं तरी रागावू नका.